साउंडबार घुमतोही आणि पातळही वाजतो: दहा बाय बाराच्या हॉलमध्ये काय करायचं

प्रश्न: आमचा हॉल १० बाय १२ फुटांचा, उंची साडेनऊ फूट. टीव्ही १२ फुटी भिंतीवर आहे आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. २.१ साउंडबार टीव्ही युनिटच्या खणात, वूफर त्याच भिंतीच्या कोपऱ्यात. सिनेमा लावला की नुसतं घुमतं, खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा सांगून गेल्या. वूफर कमी केला तर माणसांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे पातळ होतात. मधलं काही सापडतच नाही. बारच बदलू का?

उत्तर:

बदलू नका. नवा बार आणून त्याच खणात ठेवलात आणि त्याचा वूफर त्याच कोपऱ्यात सरकवलात, तर पंधरा दिवसांनी हाच प्रश्न पुन्हा विचाराल. घरोघरी जाऊन स्पीकर बसवण्याचं काम मी अठरा वर्षं करतोय. तुमच्यासारख्या हॉलमध्ये घुमणं आणि पातळपणा ही दोन दुखणी फार क्वचित वेगळी असतात. बहुतेक वेळा एकच दुखणं असतं आणि आपणच त्याचं दुसरं तयार करतो.

होतं असं. तुमच्या खोलीत खर्जातला एकच स्वर प्रमाणाबाहेर फुगतो. कानाला वाटतं, सगळा बेसच जास्त झालाय. म्हणून आपण वूफर खाली आणतो. पण वूफरचं बटण त्या एकट्या स्वराला खाली आणत नाही, त्याच्या शेजारचे सगळे स्वरही खाली जातात. फुगलेला स्वर जरा आटोक्यात येतो, पण बाकीचा खर्ज, जो आधी योग्यच होता, तो गायब होतो. पुरुषांच्या आवाजाचं अंग साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतं. त्यातला बराचसा भाग तुमच्या सेटमध्ये वूफरच वाजवतो, कारण बारमधले दोन-सव्वादोन इंची स्पीकर इतक्या खाली जातच नाहीत. वूफर दाबला की माणसाचा आवाज छातीतून न येता नाकातून आल्यासारखा होतो. म्हणून तुम्हाला मधलं काही सापडत नाही. त्या बटणावर मधलं नाहीच.

तो एक स्वर कोणता, हे तुमच्या मापांवरूनच निघतं. बाथरूममध्ये गुणगुणताना एखादा ठराविक स्वर लागला की सगळी खोली आपल्याबरोबर गायला लागते, बाकी स्वरांना ती गप्प असते, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. हॉलमध्ये तेच घडतं, फक्त खोली मोठी म्हणून स्वर खालचा. दोन समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर फुटांत घ्या आणि ५६५ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये मिळतं. तुमच्या टीव्हीची भिंत आणि सोफ्याची भिंत यांच्यात १० फूट, म्हणजे साधारण ५७ हर्ट्झ. आडव्या १२ फुटांचे ४७. फरशी आणि छत यांच्यातल्या साडेनऊ फुटांचे जवळजवळ ६०. आता ५७ आणि ६० किती जवळ आहेत ते बघा. दोन वेगवेगळ्या दिशांचे स्वर एकमेकांवर चढलेत. तुमच्या हॉलचा त्रास नेमका इथे आहे. हीच खोली १० ऐवजी ११ फूट रुंद असती तरी थोडी सुसह्य झाली असती, पण ते बिल्डरच्या हातात होतं.

आपल्याकडे हा त्रास अधिक का, तेही सांगतो, कारण परदेशी व्हिडिओ बघून लोक गोंधळतात. तिकडच्या अनेक घरांत भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात. त्या खर्जाला थोड्या हलतात, थोडा आवाज पलीकडे जातो, थोडा आत जिरतो. आपल्या विटांच्या, सिमेंटच्या भिंती आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स जागच्या हलत नाहीत. गेलेला खर्ज जवळजवळ पुरा परत येतो आणि स्वर लांबत राहतो. डग्ग्याचा ठोका पडून गेला तरी ‘ढूंऽऽ’ उरतो, तो यामुळे.

आता तुमच्या मांडणीकडे. भिंतींमध्ये असा स्वर उभा राहतो तेव्हा तो भिंतीजवळ सर्वांत जोरात असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नसतो. वूफर भिंतीजवळ ठेवला तर तो या स्वराला सगळ्यात जास्त चेतवतो, मध्यावर ठेवला तर चेतवू शकत नाही. ऐकणाऱ्याच्या कानालाही हाच नियम. तुमचा वूफर कोपऱ्यात आहे, म्हणजे दोन भिंती आणि फरशी अशा तिन्ही दिशांच्या स्वरांच्या तोंडाशी. तुमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे डोकं भिंतीपासून जेमतेम फूटभर. ५७ हर्ट्झ जिथे सर्वांत जोरात पेटतो तिथे वूफर, आणि जिथे सर्वांत जोरात ऐकू येतो तिथे तुम्ही. ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

गंमत म्हणून एक करून बघा. सिनेमातला घुमणारा प्रसंग लावा आणि सोफ्यावरून उठून हॉलच्या मधोमध उभे राहा. घुमणं एकदम ओसरेल, बहुधा बेसच गेला असं वाटेल. उभं राहिल्यावर कान पाच फुटांवर येतात, म्हणजे साडेनऊ फुटांच्याही जवळजवळ मध्यावर, त्यामुळे छताचा ६० हर्ट्झही तिथे नाही. मग भिंतीजवळ फरशीवर मांडी घालून बसा, घुमणं वाढेल. म्हणजे बार तोच, वूफर तोच, आवाजाची पातळी तीच. फरक फक्त कान कुठे आहेत याचा.

कागदावरचं गणित खोलीत पडताळून घ्यायला अर्धा तास लागतो. फोनवर टोन जनरेटरचं कोणतंही फुकट अ‍ॅप घ्या, ब्लूटूथने बारला जोडा. बारवरचे सगळे खास मोड बंद करून साधा स्टँडर्ड किंवा म्युझिक मोड ठेवा. आवाज बोलण्याच्या पातळीइतकाच, त्याहून जास्त नको, कारण सलग एकच स्वर स्पीकरला सिनेमापेक्षा जास्त तापवतो. प्रत्येक स्वर दहा सेकंदांपेक्षा जास्त वाजवू नका. नेहमीच्या जागी बसून ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत पाच-पाचच्या पायऱ्यांनी वर जा. कोणता स्वर अंगावर येतो, कोणता गायब होतो, ते कागदावर लिहा. दुसऱ्या फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप असेल तर आकडाही लिहा, पण एक लक्षात ठेवा: फोनचा माइक खर्ज कमी मोजतो. म्हणून ५७ चा आकडा १२० च्या आकड्याशी ताडून बघू नका. आधीचा ५७ आणि बदलानंतरचा ५७ एवढीच तुलना खरी.

याच चाचणीत खडखड कुठे होते तेही कळतं. शोकेसच्या काचा, लॉफ्टचं दार, खिडकीची ग्रिल, टीव्ही युनिटचा मागचा पातळ प्लायवुड. मी एकदा तासभर वूफर हलवत बसलो होतो आणि घुमणारी वस्तू निघाली भिंतीवरची पितळी परात. असं काही सापडलं तर त्याखाली रबराचा किंवा फेल्टचा तुकडा घाला आणि मगच पुढे जा.

यानंतरचा मुख्य उपाय म्हणजे वूफर कोपऱ्यातून बाहेर काढणं. कुठे न्यायचा हे कल्याणच्या एका घराच्या उदाहरणाने सांगतो, कारण तो हॉल तुमच्याच मापाचा होता: १० फूट २ इंच बाय ११ फूट ८ इंच. निवृत्त जोडपं आणि कॉलेजात जाणारा नातू. आजींना मालिकेतले संवाद कळत नव्हते, नातवाला सिनेमात दणका हवा होता आणि आजोबांनी दोघांना कंटाळून वूफर −५ वर नेऊन ठेवला होता. त्या बारवर वूफरची पट्टी −६ ते +६ अशी होती. म्हणजे जवळजवळ बंदच. चाचणीत ५६ हर्ट्झला सोफा थरथरला आणि ८० ते १२० मध्ये काहीच नव्हतं.

वूफर कोपऱ्यातून उचलून आम्ही बाजूच्या भिंतीने सोफ्याकडे सरकवत नेला, एका वेळी फूटभर. प्रत्येक जागी ५६ हर्ट्झ वाजवायचा आणि सोफ्यावरून ऐकायचं. टीव्हीच्या भिंतीपासून दोन फुटांवर फारसा फरक नाही. तीन फुटांवर घुमणं स्पष्ट उतरलं. चार फुटांवर फोनवरचा आकडा आधीपेक्षा ८ डेसिबलने खाली आला. ८ डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ निम्मं. पाच फुटांवर, म्हणजे बरोबर मध्यावर, अजून खाली गेला असता, पण तिथे बेडरूमचं दार होतं. आणि दार नसतं तरी मी चारवरच थांबलो असतो. कारण अशा सेटमध्ये वूफर १५० ते २०० हर्ट्झपर्यंत वाजतो, आणि इतक्या वरचा आवाज कुठून येतो हे कानाला कळतं. वूफर बारपासून फार लांब गेला की बातम्या वाचणारा माणूस बाजूच्या खुर्चीतून बोलतोय असं वाटायला लागतं. म्हणून साडेतीन-चार फूट ही माझी तडजोड.

तुमच्या हॉलमध्ये ती जागा म्हणजे बाजूच्या भिंतीला लागून, टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये, टीव्हीच्या जरा जवळ. तिथे बाल्कनीचं दार असेल तर दुसरी बाजू बघा. दोन्हीकडे अडचण असेल तर एक जुनी युक्ती आहे. वूफरच उचलून सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि जिथे जिथे वूफर ठेवणं शक्य आहे अशा जागी कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे बेस सपाट आणि सुटसुटीत ऐकू येतो, तिथे वूफर ठेवला की तोच बेस सोफ्यावर मिळतो. हॉलभर रांगताना घरचे हसतील, तेवढं सोसा. वूफरच्या मागे पोर्टचं भोक असेल तर भिंतीपासून चार-पाच इंच मोकळे ठेवा. आणि त्यावर फुलदाणी नको.

सोफा पुढे ओढता आला तर तोही उपयोग होतो, पण कशाला होतो ते समजून घ्या. फूटभर पुढे आणल्याने ५७ हर्ट्झ फार कमी होत नाही, जेमतेम दीड डेसिबल. मात्र १० फुटांचा दुसरा स्वर, ५७ च्या दुप्पट म्हणजे ११३ हर्ट्झच्या आसपासचा, तो भिंतीजवळ तितकाच जोरात असतो आणि अडीच फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. फूटभर पुढे आल्याने हा बराच खाली येतो. पुरुषी आवाजात एक ‘हुम्म’ असा सूर असतो, तो बहुतेक वेळा हाच. दहा फुटांच्या हॉलमध्ये सोफा फूटभर पुढे ओढणं सोपं नाही, मला कल्पना आहे. सहा इंचसुद्धा चालतील, मागे लोड उभे करून जागा भरून काढा.

आता बार. खणातून तो बाहेर काढा. तुमच्या प्रश्नातला ‘पत्र्याचा डबा’ निम्मा तरी त्या खणाचा आहे. वर फळी, खाली फळी, दोन्ही बाजूंना फळ्या, आणि बार चार-पाच इंच आत. त्या पेटीला स्वतःचा एक सूर असतो, साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात. आवाज त्यात घुसमटतो आणि वरच्या फळीवर आपटलेला आवाज थेट आवाजात मिसळून शब्दांची धार बोथट करतो. बाजूला किंवा वर तोंड असलेले स्पीकर बारमध्ये असतील तर खणात त्यांना कामच उरत नाही.

युनिटच्या वर, टीव्हीच्या पुढे ठेवा, आणि बारचं तोंड फळीच्या कडेशी बरोबर जुळवा. बार फळीवर मागे सरकवलेला असेल तर पुढे उरलेल्या लाकडावरून आवाज उडतो आणि पुन्हा तोच चिखल. टीव्ही पायांवर उभा असेल आणि बारमुळे पडद्याची खालची पट्टी किंवा रिमोटचा सेन्सर झाकला जात असेल, तर बार भिंतीवर टीव्हीच्या खाली लावा, मध्ये तीन-चार इंच सोडून. भिंतीवर लावल्याने आणखी एक फायदा: भिंत जवळ असली की बारच्या खालच्या स्वरांना काही डेसिबलचा आधार फुकट मिळतो. पातळ वाजणाऱ्या छोट्या बारला तो हवाच असतो. बऱ्याच बारच्या सेटिंगमध्ये भिंतीवर की टेबलावर असं विचारलेलं असतं, कारण कंपनीला हा आधार माहीत असतो. जे खरं असेल ते निवडा. भिंतीवर लावून टेबल निवडलंत तर आवाज जाडसर होतो, उलटं केलंत तर पातळ.

युनिट बुटकं असेल, बार गुडघ्याच्या खाली येत असेल, तर पुढच्या बाजूला रबराचे दोन तुकडे ठेवून तोंड किंचित वर करा. कानाच्या दिशेने बघायला लागला की ‘स’, ‘च’, ‘त’ ही व्यंजनं लगेच सुटी होतात. हे दहा रुपयांचं काम आहे आणि संवादांना याने जेवढा फरक पडतो तेवढा अनेकदा इक्वलायझरने पडत नाही.

एवढं झाल्यावर वूफरच्या बटणाला हात लावा, आणि तो आता खाली नाही, वर न्या. कल्याणला −५ वरून −१ वर आणला. घुमणारा स्वर जागा बदलून आधीच खाली गेला होता, त्यामुळे बाकीच्या खर्जाला वर यायला वाव मिळाला. आजोबा म्हणाले, “वाढवलाय म्हणता, मग त्रास का होत नाही?” तुम्ही लावताना गाणं नको, बातम्या लावा. एखाद्या भारदस्त आवाजाच्या निवेदकाचा आवाज भरीव होईपर्यंत वूफर एकेक पायरी वाढवा. ज्या पायरीला वाटेल की आवाज बारमधून न येता वूफरमधून येतोय, तिथून एक पायरी मागे या. सिनेमाच्या स्फोटांवर कधीही लावू नका, स्फोट किती असावा हे कोणालाच ठाऊक नसतं. माणसाचा आवाज कसा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

कधीकधी वूफर वाढवूनही आवाज पोकळच राहतो. अशा वेळी बार आणि वूफर जिथे एकमेकांना काम सोपवतात, त्या १५० हर्ट्झच्या आसपास, दोघे एकमेकांना खोडत असतात. एकाची हवा पुढे ढकलायची वेळ आणि दुसऱ्याची मागे ओढायची वेळ एकच आली की दोघांचा मिळून आवाज एकट्यापेक्षा कमी येतो. ओळखायचं कसं? १३० ते १८० हर्ट्झचे स्वर वाजवा. तिथे खड्डा असेल आणि वूफर दोन पायऱ्या कमी केल्यावर तोच स्वर उलट वाढला, तर हेच कारण. महागड्या वूफरला फेज बदलायचं बटण असतं, साउंडबारच्या वूफरला सहसा नसतं. काही बारच्या अ‍ॅपमध्ये वूफरचं अंतर किंवा विलंब बदलता येतो, तो बदलून बघा. नसेल तर वूफर फूट-दीड फूट सरकवा. १५० हर्ट्झची लाट साडेसात फुटांची असते, त्यामुळे एवढ्या सरकण्यानेही खड्डा भरू शकतो. म्हणूनच मी चार फूट हा आकडा पक्का मानत नाही. साडेतीनला ५७ थोडा जास्त राहिला पण आवाज भरीव झाला, तर मी साडेतीन घेईन.

इक्वलायझर सर्वांत शेवटी. लोक त्यानेच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. बहुतेक बारमध्ये फक्त बेस आणि ट्रेबल अशी दोन बटणं असतात. जरा वरच्या किमतीत पाच-सात पट्ट्यांचा इक्वलायझर मिळतो, पण त्याची सर्वांत खालची पट्टी बघा, अनेकदा ती १०० किंवा १५० हर्ट्झची असते. तुमचा त्रास ५७ चा. ती पट्टी खाली ओढून ५७ जाणार नाही, जाईल तो माणसाच्या आवाजाचा भराव. म्हणजे आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच.

तुमच्या अ‍ॅपमध्ये हर्ट्झचा आकडा स्वतः टाकता येणारा इक्वलायझर असेल तर नशीबवान आहात. चाचणीत जो स्वर फुगलेला सापडला, तोच टाका, ४ ते ६ डेसिबल कमी करा, पट्टा अरुंद ठेवा. जागा बदलल्यावर उरलेलं घुमणं याने जातं. मात्र जो स्वर गायब सापडला तो वाढवत बसू नका. तुमच्या सोफ्याच्या मधल्या जागी ४७ हर्ट्झ जवळजवळ नसणारच, कारण ती जागा १२ फुटांच्या मध्यावर आहे. तिथे भिंतींवरून परतलेल्या लाटा एकमेकींना खोडतात. तुम्ही कितीही ओतलंत तरी खोडणारी लाटही तितकीच वाढते. वर ६ डेसिबल वाढवायचे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते. छोटा साडेसहा इंची वूफर त्यात फडफडायला लागतो, आणि सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला मात्र तोच स्वर बडवत राहतो.

साध्या पट्ट्यांच्या इक्वलायझरने जे होतं ते मधल्या पट्ट्यात. कल्याणला शेवटी एवढंच ठेवलं: ३०० हर्ट्झ −२, कारण बार बाहेर काढूनही आवाज थोडा डब्यासारखा होता, आणि २.५ किलोहर्ट्झ +१, आजींच्या कानांसाठी. बाकी सगळं शून्य. पातळ आवाजाचं औषध म्हणून बेस वाढवायचा मोह होतो, पण कधीकधी आवाज पातळ नसतो, वरचा भाग बोचरा असतो. उघड्या भिंती, टाइल्स, काच. हॉलच्या मधोमध टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा धातूचा शेपूट ऐकू आलं तर ४ ते ५ किलोहर्ट्झ दोनेक डेसिबल कमी करा, आणि बार व सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. पण सतरंजी-पडद्याने घुमणं जाईल अशी अपेक्षा नको. ५७ हर्ट्झची लाट वीस फुटांची आहे, तिला पडदा दिसतच नाही. भिंतीवर चिकटवायचे अंड्याच्या ट्रेसारखे दोन इंची फोम ऑनलाइन ‘बेस कमी करतात’ म्हणून विकतात, त्यांचंही तेच. कापसाच्या दोन-तीन जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या तर त्याहून थोडा जास्त फरक पडेल, पण हॉलमध्ये गाद्या कोण उभ्या करणार.

बारमध्ये खोली मोजून स्वतःच जुळवून घ्यायची सोय असेल तर ती सगळं जागच्या जागी बसल्यावर चालवा, पंखा बंद करून. तिच्यावर आंधळा विश्वास मात्र नको. काही बार आपल्याच अंगातल्या माइकने मोजतात, आणि बारच्या जागी काय ऐकू येतं याचा तुमच्या सोफ्याशी फार संबंध नसतो.

टीव्हीच्या मेनूत एकदा डोकावा. डिजिटल ऑडिओच्या सेटिंगमध्ये `PCM` निवडलेलं असेल आणि तुमचा बार डॉल्बी घेत असेल, तर `Auto` किंवा `Pass Through` करा. ५.१ आवाजात खास खर्जासाठी एक वेगळा चॅनल असतो. टीव्हीने त्याचं दोन चॅनलमध्ये मिश्रण केलं की तो बहुतेक वेळा गाळला जातो, आणि सिनेमा कितीही चांगला असला तरी खालून पोकळ वाजतो. टीव्हीचा स्वतःचा इक्वलायझर आणि ‘सराउंड’ वगैरे बंद ठेवा. बऱ्याच टीव्हींमध्ये तो बारकडे जाणाऱ्या आवाजाला लागूच होत नाही, आणि जिथे होतो तिथे दोन इक्वलायझर एकमेकांशी भांडतात.

रात्रीचा पातळपणा वेगळा. आवाज हळू केला की माणसाच्या कानाला खर्ज आधी कमी ऐकू यायला लागतो. १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं. दिवसा बरोबर लावलेला वूफर रात्री साडेअकराला कमी वाटतो, त्यात बिघाड काही नाही. हळू आवाजात वूफर दोन पायऱ्या वाढवा, सकाळी परत आणा. बारला `Night` मोड असेल तर तो मोठे दणके दाबतो आणि संवाद वर आणतो, मालिकांसाठी चांगला. सिनेमा मोड संवादाला सहसा वाईट असतो, बेस आणि खोटा पसारा वाढवून ठेवतो. छोट्या हॉलमध्ये मी तो लावतच नाही.

राहिल्या खालच्या काकू. घुमणारा स्वर कमी झाला की त्यांच्याकडे जाणाराही बराच कमी होतो, कारण तुमच्या खोलीत जो स्वर लांबत राहतो तोच स्लॅबमधून खाली उतरतो. वूफरखाली एक इंच जाड दाट रबराचे चार तुकडे ठेवा. वूफरचं तोंड खाली असेल तर त्याच्या पायांखाली. त्याने फरशीला थेट जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा खर्ज मात्र रबर थांबवत नाही. त्यामुळे काकूंना त्रास होत असेल, तर रात्री वूफर दोन पायऱ्या वाढवायचं मघाचं विसरा: दहानंतर वूफर −४ वर आणि `Night` चालू, याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

हे सगळं एका शनिवारच्या सकाळी होतं. वूफरची जागा, मग बार, मग वूफरची पातळी, मग इक्वलायझर, याच क्रमाने, आणि एका वेळी एकच बदल. त्यानंतरही बातम्यांचा आवाज भरीव होत नसेल, ८० ते १५० हर्ट्झचे स्वर वूफर शेजारी नेऊनही क्षीण येत असतील, तर मात्र बार खरोखर लहान आहे. तेव्हा दुकानात वॉट बघू नका. बारमधल्या स्पीकरचा व्यास विचारा, तीन इंच किंवा त्याहून मोठा असला तर बरं, आणि घ्यायच्या आधी भारदस्त आवाजाची बातमी वूफर बंद करून ऐका.